टॉस झाला का?

२८ मे २०२३, रविवार. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियमवर आयपीएलचा अंतिम सामना होता, चेन्नई विरुद्ध गुजरात. वेळ संध्याकाळी साडेसातची. त्या वर्षी आयपीएल जिओ सिनेमावर फुकट दिसत होती, त्यामुळे घरोघरी फोन आणि टीव्ही आधीपासूनच लावून ठेवलेले. साडेसात वाजले, पडद्याच्या कोपऱ्यातली LIVE ची लाल खूण पेटलेलीच होती, स्टुडिओत माजी खेळाडू गप्पा मारत होते आणि मैदानावर धो धो पाऊस पडत होता. नऊच्या सुमारास पाऊस थांबला. कव्हर्स निघू लागली, खेळाडू अंग मोकळं करायला मैदानात आले. झालं, आता सुरू होणार, म्हणून लोकांनी जेवणाची ताटं टीव्हीपुढे आणून मांडली. पुन्हा सर आली. शेवटी रात्री अकराच्या आसपास कळलं, की आज काही होत नाही, सामना उद्या, राखीव दिवशी.

या साडेतीन तासांत ॲपवरची खूण एकदाही खोटं बोलली नाही. ती फक्त लोकांना हवं ते सांगत नव्हती. LIVE याचा अर्थ इतकाच, की या क्षणी काहीतरी थेट प्रक्षेपित होत आहे. मॅचच्या आधीची चर्चा थेट असते, पावसात भिजणारी कव्हर्सही थेटच असतात. पाऊस लांबला की कधीकधी जुन्या मॅचची क्षणचित्रं दाखवली जातात, तेव्हाही अख्खा कार्यक्रम LIVE च्या खुणेखाली चालू राहतो. मग एखाद्या घरात ‘अरे, धोनी बॅटिंगला आला’ असा आरडाओरडा होतो आणि मागचं आकाश भर दुपारचं आहे हे नंतर लक्षात येतं.

ॲपवर सामन्याच्या चौकटीत छापलेली वेळसुद्धा अशीच समजून घ्यायला हवी. ती वेळापत्रकातून उचललेली असते, मैदानावरून नव्हे. सामना सुरू करायचा की नाही हे मैदानावरचे पंच ठरवतात, संपूर्ण स्पर्धाच पुढे ढकलायची तर आयोजक मंडळ ठरवतं. प्रक्षेपण करणारी कंपनी त्यांच्यापुढे प्रेक्षकच, आपल्यापेक्षा जरा जवळ बसलेली इतकंच. त्यामुळे सामना सुरू झाला का, हे पाहायला व्हिडिओच्या चौकटीत डोकं घालून बसणं हा सगळ्यात मंद मार्ग आहे.

मंद हा शब्द अगदी शब्दशः घ्या. इंटरनेटवरचा व्हिडिओ नळाच्या पाण्यासारखा सलग येत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते सर्व्हरवर ठेवले जातात आणि आपला फोन ते एकेक करून उतरवून घेतो. मध्ये अडखळायला नको म्हणून दोन-चार तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. या उद्योगात अर्धा मिनिट सहज जातो, कधी त्याहून जास्त. डिश टीव्हीवाल्या शेजाऱ्याच्या घरातून ‘आउट!’ ऐकू येतं आणि आपला गोलंदाज अजून धावत असतो, त्याचं कारण हेच. धावफलकाची गोष्ट निराळी. मैदानावर बसलेला गुणलेखक प्रत्येक चेंडूची नोंद संगणकात करतो आणि तो आकड्यांचा बारीकसा मजकूर काही क्षणांत सगळीकडे पोहोचतो. म्हणून अधिकृत संकेतस्थळावरचं मॅच सेंटर किंवा क्रिकइन्फोसारख्या संकेतस्थळावरचं चेंडूगणिक समालोचन व्हिडिओच्या पुढे धावत असतं. तिथला मजकूर वाचताना फक्त शेवटची नोंद किती वाजताची आहे ते पाहावं. फोनवर उघडून ठेवलेलं पान अर्धा तास तसंच गोठून राहतं आणि आपण त्याला ताजी बातमी समजतो.

आता मुख्य गोष्ट. ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यात नाणेफेक पहिल्या चेंडूच्या अर्धा तास आधी होते. सामना साडेसातचा, तर टॉस सातचा. सात वाजून पाच मिनिटांनी धावफलकाच्या पानावर ‘अमुक संघाने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली’ असं आलं असेल आणि दोन्हीकडचे अकरा-अकरा खेळाडू जाहीर झाले असतील, तर सगळं वेळेवर आहे. सव्वासातपर्यंत यातलं काहीच नसेल, तर साडेसातला पहिला चेंडू पडणार नाही हे धरून चालावं. कुठल्याही घोषणेची वाट पाहायची गरज नाही. अर्ध्या तासाची ही आगाऊ सूचना रोज मिळत असते. तरी बहुतेक लोक साडेसातला ॲप उघडतात आणि मग गोल फिरणाऱ्या चक्रीकडे बघत बसतात.

उलट बाजूनेही हीच खूण उपयोगी पडते. धावफलकावर तिसरं षटक चालू आहे आणि आपल्याकडे काळा पडदा आहे, तर सामना सुरू झालेला आहे, दोष आपल्या बाजूला किंवा कंपनीच्या बाजूला आहे. यातला कुठला, हे ओळखणं सोपं आहे. त्याच ॲपमधलं दुसरं एखादं थेट चॅनेल लावून पाहा. तेही चालत नसेल, तर नेट, लॉगिन किंवा जुनं झालेलं ॲप तपासा. एका वर्गणीवर ठरावीकच फोन-टीव्ही चालतात आणि घरातल्या कुणीतरी आधीच जागा अडवलेली असते, हेही वारंवार घडतं. दुसरं चॅनेल नीट चालतंय आणि फक्त हाच सामना दिसत नाही, तर बहुधा चौकट चुकलेली असते. एकाच सामन्याच्या मराठी, हिंदी, इंग्रजी, भोजपुरी अशा वेगवेगळ्या चौकटी असतात आणि त्यांच्या शेजारीच कालच्या सामन्याची क्षणचित्रं मांडलेली असतात. बाहेर पडून शोधात संघाचं नाव टाकलं की बरोबर जागा सापडते. आणि चार ठिकाणच्या चार नातेवाइकांकडेही बंद असेल, तर कंपनीचाच सर्व्हर दमलेला आहे. हे मोठमोठ्यांचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत नेटफ्लिक्सने थेट दाखवली, तेव्हा अनेकांचं चित्र अडकत, धूसर होत राहिलं. लढत मात्र टेक्सासमध्ये व्यवस्थित चालू होती.

समजा, टॉस झालेला नाही आणि कारण पाऊस आहे. इथून पुढे बहुतेकांची नजर आभाळाकडे किंवा हवामानाच्या ॲपकडे वळते, आणि तिथेच फसगत होते. पाऊस थांबणं आणि खेळ सुरू होणं यांत बरंच अंतर असतं. त्याच अंतिम सामन्याचा दुसरा दिवस घ्या. २९ मेला सामना वेळेवर सुरू झाला, गुजरातने २० षटकांत ४ बाद २१४ धावा केल्या. चेन्नईच्या डावाचे जेमतेम ३ चेंडू पडले आणि दहाच्या आसपास सर आली. सर फार मोठी नव्हती. पण मुख्य खेळपट्टीच्या बाजूला सरावासाठी वापरलेली एक पट्टी होती, तिथे चिखल झाला. कर्मचारी स्पंजने पाणी टिपत होते, भुसा टाकत होते, आणि पंच येऊन बुटाने दाबून बघून परत जात होते. खेळ पुन्हा सुरू झाला तो रात्री १२ वाजून १० मिनिटांनी. चेन्नईला १५ षटकांत १७१ धावांचं लक्ष्य मिळालं आणि रवींद्र जडेजाने मोहित शर्माच्या शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून ते गाठलं. दहा-सव्वादहाला ‘आता कसली मॅच’ म्हणून दिवा मालवून झोपलेल्यांनी सकाळी काय भोगलं, ते ज्याचं त्याला माहीत.

गुवाहाटीची गोष्ट याच्या बरोबर उलटी. ५ जानेवारी २०२०, भारत विरुद्ध श्रीलंका. टॉस झाला, भारताने तो जिंकलाही. मग पाऊस आला आणि गेलाही. पण कव्हरमधून पाणी झिरपून ऐन खेळपट्टीवरच ओले डाग पडले होते. ते वाळवायला केस वाळवायचं यंत्र आणि कपड्यांची इस्त्री आणावी लागली. चित्रं देशभर फिरली, खेळपट्टी काही वाळली नाही आणि एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला. म्हणजे टॉसची खूण भरवशाची असली, तरी ती सामना वेळेवर असल्याची खूण आहे. तो होईलच याची हमी नव्हे.

म्हणून पावसाच्या दिवशी शोधायची ती एकच ओळ: पंच पुढची पाहणी किती वाजता करणार आहेत? समालोचनाच्या पानावर ती ‘Inspection at 8.15’ अशा तऱ्हेने येते, प्रक्षेपणातही निवेदक सांगतात. ही ओळ आली, की तोपर्यंत चेंडू पडणार नाही हे नक्की. आपण मोकळे, भाकऱ्या थापा नाहीतर पोरांचा गृहपाठ घ्या. पाहणीनंतर दोनपैकी एक बातमी येते, सुरू होण्याची नवी वेळ किंवा पुढची पाहणी. पाहणीच्या वेळा पुढे पुढे सरकत असतील आणि कारण ‘पाऊस’ऐवजी ‘ओलं मैदान’ असं लिहिलेलं असेल, तर आशा धरायला जागा आहे. मैदानाचा स्वभावही ओळखीचा असावा. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर जमिनीखालून पाणी ओढून घेणारी सबएअर नावाची यंत्रणा आहे, तिथे पाऊस थांबला की खेळ लवकर सुरू होतो. सगळीकडे अशी सोय नाही.

मग वाट पाहायची तरी कुठवर? याचं उत्तर घड्याळात असतं आणि ते सामना सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. ट्वेंटी-ट्वेंटीचा निकाल लागायला दोन्ही संघांना किमान ५-५ षटकं मिळाली पाहिजेत. एवढ्या सामन्याला मधल्या छोट्या विश्रांतीसह तासाभराच्या आत वेळ लागतो. सामना जास्तीत जास्त कधी संपवायचा हे नियमात असतं. त्यातून हा वेळ वजा केला, की शेवटची मुदत निघते. २८ मेच्या त्या रात्री साडेनऊच्या सुमारापर्यंत सुरुवात झाली असती, तर पूर्ण २०-२० षटकं मिळणार होती. त्यानंतर षटकं कापली जाणार होती, आणि १२ वाजून ६ मिनिटांपर्यंतही चेंडू पडला नसता तर त्या दिवसापुरतं संपलं. अंतिम सामन्याला जादा वेळ मोठा असतो म्हणून ही मुदत मध्यरात्रीपलीकडे गेली होती. साखळी सामन्याला तेवढी सवड नसते. १७ मे २०२५ ला बंगळुरू विरुद्ध कोलकाता सामन्यात हीच मुदत १० वाजून ५६ मिनिटांची होती. दुसऱ्या दिवशीच्या सव्वाबाराच्या सुमारासच्या खेळाशी या आकड्यांची गल्लत करू नये. तिथे एक डाव आधीच पूर्ण झालेला होता, हिशोब उरलेल्या एकाच डावाचा होता.

हे आकडे पाठ करून उपयोग नाही, कारण ते बदलतात. २०२५ च्याच हंगामात, मेच्या उत्तरार्धात पावसाळा जवळ आल्यावर साखळी सामन्यांचा जादा वेळ एका तासावरून दोन तासांवर नेला गेला. म्हणजे आदल्या आठवड्यात ऐकलेली मुदत पुढच्या आठवड्यात खोटी. त्या-त्या दिवशी समालोचनात ‘कट-ऑफ’ म्हणून जी वेळ सांगतात, तीच खरी. माझ्या मते पावसाळी संध्याकाळी हा एवढा आकडा माहीत असला, की बाकी कुणाचं काही ऐकू नये. कट-ऑफला दोन तास आहेत आणि व्हॉट्सॲपवर ‘मॅच रद्द’ फिरतंय, तर ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी निराशेचं मत असतं.

पडद्यावर शेवटी जो शिक्का उमटतो तोही नीट वाचावा, कारण बोलताना आपण सगळ्यालाच ‘रद्द’ म्हणतो. Delayed म्हणजे आजच, पण उशिरा. Abandoned म्हणजे हा सामना संपला, आता तो खेळला जाणार नाही. साखळीत असं झालं तर दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. No result म्हणजे खेळ झाला, पण निकालापुरता नाही. Postponed असेल तर सामना जिवंत आहे, तारीख नवी. अंतिम सामन्यासारख्या ठिकाणी राखीव दिवस असतो आणि तो पहिल्या दिवशी वापरलाच गेला नाही, तर चौकटीवरची तारीख गुपचूप बदलते. अहमदाबादला २८ मेच्या रात्री बाहेरगावचे कितीतरी प्रेक्षक पिवळे टी-शर्ट घालून रेल्वे स्थानकाच्या फरशीवर झोपले होते. त्यांना सामना दुसऱ्या दिवशी आहे हे कळलं होतं म्हणून ते थांबले होते.

परदेशातल्या मराठी घरांना पावसाबरोबर घड्याळाचाही त्रास आहे. भारताचं घड्याळ वर्षभर एकच. अमेरिकेचं मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपला संध्याकाळी साडेसातचा सामना एप्रिलमध्ये न्यू जर्सीत सकाळी १० ला असतो, डिसेंबरमध्ये ९ ला. ॲप बहुतेक फोनच्या घड्याळाप्रमाणे स्थानिक वेळ दाखवतं, भारतातून भाच्याने पाठवलेलं वेळापत्रक मात्र भारतीय वेळेचं असतं. सामना ‘उशिरा’ सुरू होतोय असं वाटलं, तर आधी ही दोन घड्याळं जुळवून पाहावीत. प्रवासात असाल तर आणखी एक: ज्या देशाचे प्रक्षेपण हक्क त्या कंपनीकडे नाहीत, तिथे सामना दिसणारच नाही, आणि पडद्यावरची सूचना बऱ्याचदा मोघम असते.

टेनिसला तर ठरलेली वेळ नसतेच म्हटलं तरी चालेल. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर दिवसाचा पहिला सामना तिथल्या दुपारी दीडला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू होतो. दुसरा आणि तिसरा सामना आधीचा संपेल तेव्हा. पाच सेटचा सामना रंगला तर पुढचा खेळाडू तीन तास नुसता बसून राहतो. तिथे ॲपवरच्या वेळेपेक्षा आधीच्या सामन्याचा चालू सेट पाहणं शहाणपणाचं.

उशीर झाला की आणखी एक पीक येतं, खोट्या लिंकचं. ‘मुख्य ॲप बंद पडलंय, इथे थेट पाहा’ असे संदेश नेमके या रिकाम्या अर्ध्या तासात फिरतात. आत गेलं की कार्डाचा क्रमांक मागतात नाहीतर कसलंसं ॲप उतरवायला लावतात. सामनाच सुरू झालेला नसताना तो ‘थेट’ दाखवणारा दुवा कसला, एवढा प्रश्न विचारला तरी पुरतं. आणि तो विचारायला पुन्हा टॉसचीच ओळ पाहावी लागते.

या सगळ्या खुणा निकामी ठरतात असे प्रसंगही येतात. ८ मे २०२५, धरमशाला, पंजाब विरुद्ध दिल्ली. पावसामुळे सामना तासाभराने, साडेआठला सुरू झाला. पंजाबने १०.१ षटकांत १ बाद १२२ अशी झोड उठवली होती, तेवढ्यात मैदानावरचे दिवे गेले. पाऊस नव्हता, पाहणीची वेळ नव्हती, कट-ऑफचा प्रश्नच नव्हता. आधी दिव्यांच्या तांत्रिक बिघाडाचं कारण पुढे आलं, मग प्रेक्षकांना बाहेर काढायला सुरुवात झाली. भारत-पाकिस्तान संघर्षाचे ते दिवस होते. धावफलकावर १०.१ हा आकडा थिजून राहिला आणि सामना तिथेच सोडून देण्यात आला. अशा वेळी समालोचनाच्या पानालाही आपल्याइतकंच माहीत असतं. मग एकच जागा उरते: आयोजक मंडळाचं अधिकृत निवेदन. ते ९ मेला आलं, स्पर्धा आठवड्यासाठी स्थगित.

१७ मेला स्पर्धा बंगळुरूहून पुन्हा सुरू व्हायची होती. तिथे टॉससुद्धा झाला नाही, पावसाने सामना वाहून नेला. २३ मेचा बंगळुरू-हैदराबाद सामना पावसाच्या भीतीने लखनौला हलवला गेला. धरमशालाचा अर्धवट सामना २४ मेला जयपूरला नव्याने, पहिल्या चेंडूपासून खेळवला, पंजाबच्या त्या १२२ धावा हिशोबात न धरता, आणि तो दिल्लीने जिंकला. हंगामाच्या सुरुवातीला वेळापत्रकाचं चित्र फोनमध्ये जपून ठेवलेल्या कितीतरी लोकांकडे त्या दिवसांत भलतंच मैदान आणि भलतीच तारीख होती. वेळापत्रक जतन करण्याऐवजी अधिकृत संकेतस्थळावर त्या सामन्याची आठवण लावून ठेवली, की तारीख बदलल्यावर बहुधा तीही बदलते. फोनमधलं चित्र मात्र आपण स्वतः पुसेपर्यंत जुनंच राहतं.